भिंतीवरच्या किड्याचा नुसताच फोटो आला तर

तुम्हाला किड्यांतलं थोडंफार कळतं ही बातमी ओळखीपाळखीत पसरली की फोनवर फोटो यायला लागतात. फोटोसोबत प्रश्न नसतो, कुठे दिसला, कधी दिसला, काहीही नसतं. एक भिंत, भिंतीवर एक ठिपका, आणि नीट पाहिलं तर त्या ठिपक्याला पाय असतात. अशा फोटोंना उत्तरं द्यायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. किडे ओळखायला शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. समोरच्याने न विचारलेला प्रश्न कोणता, हे ओळखून उत्तर कसं द्यायचं ते मात्र कुठे सापडत नाही.

नुसत्या फोटोमागे साधारण तीनच गोष्टी असतात. एक तर निखळ कुतूहल असतं, म्हणजे नाव हवं असतं. किंवा भीती असते: हा चावतो का, घरात लहान मूल आहे. नाहीतर बंदोबस्ताची काळजी असते: हे अजून किती असतील, घराचं नुकसान करतील का, माणूस बोलावावा का. या तिघांना द्यायची उत्तरं एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. घाबरलेल्या माणसाला शास्त्रीय नाव पाठवलं तर त्याची भीती वाढते, कारण ते नाव त्याला एखाद्या रोगासारखं वाटतं. आणि कुतूहलाने विचारणाऱ्याला फवारणी सुचवली तर एक निरुपद्रवी जीव विनाकारण मरतो.

मग सरळ विचारून टाकावं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" तसं करून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "बघ ना काय आहे ते." माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं, कारण त्याला काय हवंय हे किडा कोणता निघतो यावर ठरणार असतं. म्हणून उलट बाजूने जायचं: आपण आधी जमेल तेवढं सांगायचं, आणि त्यानंतर एकच असा प्रश्न विचारायचा की ज्याच्या उत्तराने त्यांची पुढची कृती बदलेल.

आधी भिंत वाचा

नवखा माणूस फोटो उघडला की लगेच किड्यावर बोटांनी मोठं करून बघतो. त्याआधी अर्धा मिनिट भिंतीला द्या. किडा धूसर असला तरी भिंत सहसा स्पष्ट असते.

पहिलं म्हणजे माप. फोटोत स्विचबोर्ड, स्क्रूचं डोकं, टाइलची फट, खिडकीची कडी असं काही आहे का पाहा. "केवढा आहे?" असं विचारलं तर घाबरलेला माणूस नेहमी मोठाच सांगतो. शेजारचा स्क्रू खोटं बोलत नाही.

दुसरं, कोणत्या खोलीची भिंत आहे. टाइल दिसल्या तर न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर. रंगाचे पोपडे उडालेले, कडेला बुरशीचे काळे डाग असतील तर भिंतीत ओल आहे. ओल असलेल्या भिंतीवर पीठ सांडल्यासारखे एक-दोन मिलिमीटरचे फिकट, धावणारे जीव असतील तर ते बहुधा बुरशी खाणारे पुस्तकउवा या गटातले असतात. त्यांचा बंदोबस्त म्हणजे ओल काढणं. फवारलं तर आठवड्याने नवे येतात, कारण त्यांचं खाणं तिथेच असतं.

तिसरं, उजेड. फ्लॅशचा कडक डाग किंवा दिव्याचा पिवळा झोत असेल तर फोटो रात्रीचा आहे, आणि रात्री दिव्याजवळच्या भिंतीवर बसलेला किडा बहुतेकदा बाहेरून आलेला पाहुणा असतो. तो घरात राहतो असं त्यावरून म्हणता येत नाही. पुढच्या उदाहरणात हा मुद्दा कळीचा ठरणार आहे.

चौथं, किड्याच्या आजूबाजूला आणि खाली काय पडलंय. गळलेले पंख, बारीक भुसा, वाळूसारखे दाणे, मातीची रेघ, काळे ठिपके. फोटो काढणाऱ्याचं लक्ष किड्यावर असतं, त्यामुळे या गोष्टी कोपऱ्यात अर्ध्यामुर्ध्या येतात. पण बंदोबस्ताचा निर्णय बहुतेक याच गोष्टींवर ठरतो.

पहिलं उत्तर: तीन वाक्यं

पहिल्या उत्तरात मी तीन वाक्यांच्या पुढे जात नाही. पहिलं वाक्य धोक्याचं, दुसरं नावाचं, तिसरं प्रश्नाचं. याच क्रमाने.

धोका आधी, कारण तुम्ही नाव शोधत बसता तेवढ्यात समोरचा माणूस किड्यावर हात मारून मोकळा होतो. नाव नक्की नसलं तरी "हाताने चिरडू नका, काचेचा ग्लास पालथा घाला" एवढं सांगता येतंच. आणि आधीच कोणाला काही चावलं असेल, आणि ओठ किंवा चेहरा सुजतोय, श्वास घ्यायला जड जातंय, अंगभर गांधी उठल्यात, चक्कर येतेय, यातलं काहीही असेल तर किड्याचं नाव हा विषयच तिथे संपतो. ताबडतोब डॉक्टर किंवा रुग्णवाहिका. किडा सापडला नाही म्हणून कोणी थांबू नये. उपचार लक्षणांवर होतात.

इथे एक सापळा आहे. "हा चावला" असं म्हणून भिंतीवरच्या किड्याचा फोटो येतो तेव्हा विचारा, चावताना पाहिलं का? सकाळी अंगावर पुरळ दिसतं, माणूस भिंतीकडे बघतो, आणि जो पहिला दिसेल तो गुन्हेगार ठरतो. भिंतीवरच्या किड्यावरून पुरळाचं निदान करू नका, आणि पुरळाच्या फोटोवरून किडाही ओळखू नका. दोन्हींत चुका फार होतात.

नावाचं वाक्य लिहिताना खात्री किती आहे ते उघड सांगा. "वाळवीचा पंखवाला किडा, जवळजवळ नक्की" किंवा "भुंगेऱ्यांपैकी आहे, कोणता ते या फोटोतून सांगता येणार नाही". जातीपर्यंत जायची गरज क्वचितच असते. भिंतीवरचं झुरळ कोणत्या जातीचं आहे याने कधीकधी फरक पडतो, पण भिंतीवरचा पतंग कोणत्या जातीचा हे कळल्याने घरात कोणाचंही काही बदलत नाही. कृती ठरवायला जितकं बारीक नाव लागतं तितकंच द्या. बाकीचं, समोरच्याला रस असेल तर, नंतर सावकाश.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हे कसं चालतं ते एका फोटोवरून दाखवतो. हे उदाहरण मुद्दाम निवडलंय, कारण यात तिन्ही प्रश्न एकापाठोपाठ येतात आणि उत्तर मध्येच पालटतं.

रात्री नऊच्या सुमारास एका काकूंचा फोटो आला. पांढरी भिंत, वरच्या कडेला ट्यूबलाइटचा झोत, मध्ये तपकिरी, लांब पंखांचा किडा. फोटो हललेला. मिशा दिसतच नव्हत्या. पण दोन गोष्टी दिसत होत्या: पंख पोटाच्या टोकापेक्षा बरेच पुढे गेले होते आणि एकावर एक सपाट बसले होते. आणि किड्याच्या बोटभर खाली भिंतीला एक सुटा, पारदर्शक पंख चिकटला होता.

अशा वेळी दोघांत निवड करायची असते: पंख फुटलेली मुंगी की वाळवी. दोघीही हवा दमट झाली की थव्याने बाहेर पडतात, दोघीही दिव्याकडे येतात, दोघीही नंतर पंख टाकतात. घराच्या दृष्टीने मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखायच्या खुणा तीन.

कंबर: मुंगीची छाती आणि पोट यांच्यात कंबर चिमटल्यासारखी बारीक असते, वाळवीचं अंग वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीचं. मिशा: मुंगीच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या, वाळवीच्या सरळ आणि मण्यामण्यांच्या. पंख: दोघींनाही चार, पण मुंगीची पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा ठळकपणे मोठी असते, वाळवीचे चारही पंख एकाच लांबीचे, आणि ते अंगाच्या मानाने फारच लांब.

फोटो धूसर असला की कंबर आणि मिशा हातच्या जातात, पंखच उरतात. म्हणूनच गळलेले पंख इतके कामाचे. पाच-सहा पंख शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि सगळे एका मापाचे निघाले तर वाळवी. लहान-मोठे अशी दोन मापं निघाली तर मुंगी. यासाठी भिंगही लागत नाही.

मी लिहिलं: "काकू, हा चावत नाही, घाबरू नका. वाळवीचा पंखवाला किडा दिसतोय, पण मुंगीही असू शकते. एकच सांगा, खिडकी उघडी आहे का, की बंद खोलीत आले?"

हाच प्रश्न का? कारण "वाळवी" हा शब्द ऐकताच माणूस फवारणीवाल्याचा नंबर शोधायला लागतो, आणि दहापैकी कित्येक वेळा त्याची काहीच गरज नसते. पंखवाली वाळवी बाहेरच्या जमिनीतून, झाडाच्या बुंध्यातून उठते आणि उजेड दिसेल तिथे जाते. उघड्या खिडकीतून आलेल्या वाळवीमुळे घराला वाळवी लागली असं होत नाही. ती लाकूड खायला आलेली नसते. तिला जोडीदार आणि ओली माती हवी असते. कोरड्या खोलीत बहुतेक सगळ्या एक-दोन दिवसांत मरून जातात. त्यांच्यावर फवारणं म्हणजे आधीच मरणाऱ्यांना मारणं, कारण वसाहत जिथे असेल तिथे तशीच राहते.

काकूंचं उत्तर आलं: "खिडकी उघडीच आहे रे, आणि नुकताच पाऊस थांबलाय. दिव्याभोवती पन्नासेक तरी असतील."

हे ऐकून निम्मी काळजी गेली. मी सांगितलं, "खोलीतला दिवा बंद करा, खिडकी लावून घ्या, सकाळी झाडून टाका. पण झाडताना दोन गोष्टी बघा: बंद राहिलेल्या एखाद्या खोलीत पंखांचा ढीग आहे का, आणि दाराच्या चौकटीपाशी मातीची रेघ आहे का. दिसलं तर झाडू नका, फोटो काढा."

बरेच जण "काळजी नको" एवढं सांगून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. बाहेरून वाळवी आली म्हणजे घरात नाही हे सिद्ध झालं असं नाही. फक्त त्या एका किड्यावरून काही ठरत नाही, इतकंच. परिसरात थवा उठला की घरातल्या वसाहतीतूनही त्याच सुमारास उठू शकतो, कारण दोघांना इशारा एकाच हवामानाचा मिळतो. म्हणून सकाळची ती पाहणी सांगायचीच.

सकाळी दुसरा फोटो आला, हाही एका शब्दाविना. पण आता शब्दांची गरज नव्हती. न्हाणीघराच्या दाराची चौकट, तिच्या पायथ्याशी चिमूटभर पंख, सगळे एका मापाचे, आणि चौकट व भिंत यांच्या सांध्यातून वर चढलेली मातीची एक नळी, साधारण पेन्सिलच्या जाडीची. त्या न्हाणीघराला खिडकी नव्हती. आता प्रश्न नावाचा नाही, भीतीचाही नाही. आता तो बंदोबस्ताचा झाला.

बंदोबस्ताकडे वळल्यावर

इथे फोटो बघणाऱ्याचं काम उपाय करण्याचं नसतं. पुढच्या माणसाला पुरावा मिळेल आणि घरचे लोक घाईत तो पुसून टाकणार नाहीत, एवढं बघायचं. काकूंना सांगितलं ते असं.

नळी सगळी खरवडून काढू नका. मध्यभागी बोटाच्या पेरभर तुकडा फोडा. आत पांढुरके, मऊ अंगाचे, बिनपंखांचे किडे पळताना दिसले तर वसाहत चालू आहे. काहीच दिसलं नाही तर फोटो काढून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. तुकडा ओल्या मातीने बुजवलेला दिसला तर उत्तर मिळालं. बुजवला नाही तर मात्र वाळवी गेली असं समजू नका. ती अनेकदा ती वाट सोडून दुसरी धरते.

चौकटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खालून वर टकटक करत जा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज कोणालाही वेगळा कळतो. जिथे पोकळ वाजेल तिथे पेन्सिलने खूण करा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खुपसून बघायचा मोह आवरा, वरचा रंगाचा पापुद्रा फुटला की बघायचं तेच बिघडतं.

त्या चौकटीजवळ पाण्याचा नळ, गळका पाइप, सतत ओली राहणारी फरशी आहे का ते पाहा. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओल लागतेच, आणि गळती तशीच ठेवून केलेला उपाय फार टिकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुकानातला फवारा आणून नळीवर मारू नका. वरवर दिसणाऱ्या थोड्या मरतात, बाकीच्या तिथून हटतात, आणि दोन दिवसांनी तपासायला आलेल्या माणसाला त्या कुठून येतात हेच कळत नाही. परवानाधारक बंदोबस्तवाल्याला बोलावल्यावर एक विचारा, "तुम्ही जमिनीत औषध सोडणार, की आमिष ठेवणार?" दोन्ही पद्धती वापरात आहेत. पण उत्तर "भिंतीवर फवारून देतो" असं आलं तर दुसरा माणूस शोधा.

मातीच्या नळ्या नाहीत म्हणून वाळवी नाही, असंही होत नाही. काही प्रकारची वाळवी जमिनीशी संबंध न ठेवता कोरड्या लाकडातच राहते. ती नळ्या बांधत नाही. तिची खूण म्हणजे कपाटाखाली किंवा चौकटीखाली साचणारे वाळूसारखे कोरडे दाणे. फोनची लेन्स जवळ नेऊन काढलेल्या स्पष्ट फोटोत ते दाणे सहा कडांचे, दोन्ही टोकांना गोलसर दिसतात. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भुसा असा नसतो, तो पिठासारखा किंवा भुकटीसारखा असतो. ज्यांनी "घरात वाळू कुठून येतेय" असा फोटो पाठवला त्यांना दाणे जवळून कसे दिसतात हे नक्की विचारा, कारण त्या फोटोत किडाच नसतो.

नाव थोडं चुकलं तरी चालेल, सूचना चुकून चालणार नाही

आता दुसऱ्या टोकाचा फोटो. हाही रात्रीचा, दिव्याजवळचा. साधारण आठ-नऊ मिलिमीटरचा, अरुंद, लांबट किडा. पाहणाऱ्याला मुंगीच वाटते. रंग बघा: डोकं काळं, त्यानंतर नारिंगी छाती, मग मधोमध निळसर-हिरवट चमकणारा आखूड पट्टा, पुन्हा नारिंगी पोट, आणि टोक काळं. तो पट्टा म्हणजे त्याचे आखूड कडक पंख. खालचे उडायचे पंख त्याखाली घडी घालून असतात. पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो. हा पिडेरस नावाचा भुंगेरा. पूर्व आफ्रिकेत तो "नैरोबी फ्लाय" म्हणून ओळखला जातो, पण माशी नाही.

हा चावत नाही, डंखही मारत नाही. त्रास होतो तो त्याला चिरडल्यावर. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं विष असतं, ते कातडीला लागलं की लगेच काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, तिथे जळजळ सुरू होते आणि भाजल्यासारखे फोड येतात. मानेवर बसलेला किडा हाताने फरफटत पुसला गेला तर फोडांची सरळ रेघ उमटते. कोपराच्या घडीत चिरडला तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर डाग उठतात. तेच बोट डोळ्याला लागलं तर डोळा सुजतो. किडा आणि फोड यांच्यात रात्रभराचं अंतर पडत असल्यामुळे लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही, आणि "कोळी फिरला", "नागीण झाली" असं काहीही म्हटलं जातं.

म्हणून अशा फोटोला पहिलं वाक्य: "हात लावू नका, चिरडू नका." अंगावर असेल तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर चढवून बाहेर टाका. चिरडला गेलाच असेल तर ती जागा लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, त्या हाताने डोळे चोळू नका, अंगावरचे कपडे आणि चादर धुवायला टाका. डोळ्यात गेलं असेल किंवा फोड मोठे असतील तर डॉक्टर.

फोटो इतका धूसर असेल की नारिंगी-काळे पट्टे आहेत एवढंच कळतंय, तरीही हीच सूचना द्या. पुढे तो साधाच निघाला तर तुमचं काय गेलं? एक किडा ग्लासखाली रात्रभर बसला, एवढंच.

इथे बंदोबस्ताचा भाग फार छोटा आहे. हा ओल्या शेतात, पाणथळ जागी, पालापाचोळ्यात राहतो आणि तिथल्या किडींवर जगतो. घरात त्याची वसाहत नसते. पलंगाच्या डोक्यावरचा दिवा बदलणं, संध्याकाळी जाळी लावणं, झोपण्याआधी उशी झटकणं, इतकं पुरतं. घरात औषध फवारण्यात अर्थ नाही.

ज्यांना फक्त नाव हवं असतं

यांना ओळखायची एक सोपी खूण: फोटो चांगला असतो. घाबरलेला माणूस दूरून एकच फोटो काढतो. कुतूहल असलेला तीन-चार काढतो, त्यातला एक बाजूने असतो. भिंतीवरची राखाडी, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती, साधारण सेंटिमीटरभर लांबीची पिशवी, आणि तिच्या एका टोकातून डोकावणारी बारीक अळी, असा फोटो याच लोकांकडून येतो. ती एका छोट्या पतंगाची अळी. वाळू, धूळ आणि धागे जोडून घर बनवते आणि ते घर ओढत भिंतीवर फिरते. दोन्ही टोकांनी डोकं काढू शकते, हे सांगितलं की लोक पुन्हा जाऊन बघतात. कोळ्याची जुनी जाळी, केस, मेलेले किडे खाते, लोकरीलाही तोंड लावते. जाळी-जळमटं काढली की जाते. यापुढे काही विचारायची गरज नाही. गप्पा मारायच्या असतील तर मारा.

फोटो पुन्हा मागायचा असेल तर

"नीट फोटो पाठवा" याचा काही उपयोग होत नाही. काय करायचं ते सांगा. पांढऱ्या भिंतीवर फोन सगळा उजेड भिंतीचा मोजतो आणि किडा काळाकुट्ट येतो. पडद्यावर किड्यावर बोट ठेवलं की फोन किड्याचा उजेड मोजतो आणि रंग दिसायला लागतात. अगदी जवळ जाऊ नका, फार जवळून फोन स्पष्ट दाखवत नाही. वीतभर लांबून दुप्पट झूम करून काढा. फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्या कोणाला टॉर्च बाजूने तिरकी धरायला सांगा, म्हणजे पाय आणि मिशांची सावली पडते आणि त्या ओळखू येतात. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक चार पावलं मागे येऊन भिंतीसकट. किड्याजवळ नाणं धरायला सांगू नका. उडणारा असेल तर उडतो, आणि पिडेरस असेल तर हात तिथे नकोच. ॲपमधून पाठवताना फोटो दाबला जातो, म्हणून तो फाइल म्हणून पाठवायला सांगा. हे सगळं एका वेळी सांगू नका. पहिल्या फोटोत ज्या गोष्टीची कमी होती, तेवढीच मागा.

आणि मागूनही काही वेळा भागत नाही. काही किडे फोटोवरून ओळखू येतच नाहीत. भिंग लागतं, कधी सूक्ष्मदर्शक. पलंगाजवळच्या भिंतीवरचा चपटा, तांबूस, पाचेक मिलिमीटरचा किडा ढेकूण आहे की दुसरं काही, हे धूसर फोटोवरून सांगायचं धाडस करू नका. तुमच्या "हो"मुळे घरातल्या गाद्या उलथल्या जातील आणि "नाही"मुळे महिनाभर वाया जाईल. तिथे किडाच मागा. ग्लास पालथा घालायचा, भिंत आणि ग्लास यांच्या मधून जाड कागद सरकवायचा, किडा डबीत घ्यायचा, डबी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. चिकटपट्टीवर चिकटवून देऊ नका, पाय आणि मिशा तुटतात. डबीवर खोली, तारीख आणि भिंतीचा कोणता भाग, एवढं लिहा. मग ती डबी कीटकशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडे किंवा बंदोबस्तवाल्याकडे द्यायची, आणि तोवर गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि उशीजवळची भिंत टॉर्च लावून तपासायला सांगायची. शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके किंवा टाकलेल्या पातळ सालपटी मिळाल्या तर त्यांचाही फोटो त्याच डबीसोबत द्यायचा.